शंभरातली एकोणसत्तर मुलं एका पानावर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जो संक्षिप्त तक्ता निघाला, त्या नुसत्या तक्त्यातच १३१ निर्देशक आहेत. सविस्तर अहवाल त्याहून कितीतरी मोठा, इंग्रजीत, आणि ज्याला कोष्टकं वाचायची सवय आहे अशाच माणसासाठी लिहिलेला. गावातल्या आरोग्य व पोषण समितीचा सदस्य, अंगणवाडीताई, आशाताई किंवा दोन वर्षांच्या मुलाची आई हा अहवाल कधीही उघडणार नाही. तो त्यांचा आळस नव्हे. त्यात त्यांच्यासाठी काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. अशा वेळी कुणीतरी ठरवतं की याचं एक चित्रमय पान करू आणि भिंतीवर लावू. मग बहुतेक वेळा होतं असं, की अहवालातल्या प्रत्येक प्रकरणाचा एकेक आकडा उचलला जातो, प्रत्येकाशेजारी एकेक छोटं चित्र बसवलं जातं, आणि पंधरा-वीस रंगीत चौकटींचं पान तयार होतं. ते दिसायला छान असतं, पण त्यातून कुणालाच काही कळत नाही. चूक मांडणीत नसते, ती त्याआधीच झालेली असते: पान म्हणजे अहवालाची लहान प्रत, असं धरून काम सुरू केलेलं असतं. जो मूळ दस्तऐवज कधी पाहणारच नाही, त्याच्या हातात लहान प्रत देऊन उपयोग नाही. त्याला त्याच्या एका प्रश्नाचं उत्तर हवं, आणि त्या उत्तरावर कितपत विसंबायचं हेही त्याच पानावर हवं, कारण दुसरीकडे कुठे तो ते शोधायला जाणार नाही. हे म्हणणं याच सर्वेक्षणातला एक विषय धरून शेवटपर्यंत नेऊन पाहू.

विषय लहान मुलांमधल्या रक्तक्षयाचा घेऊ. महाराष्ट्रात २०१५-१६च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षं वयोगटातल्या ५३.८ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. पाचव्या फेरीत तो आकडा ६८.९ टक्क्यांवर गेला. आता पहिलं काम संगणकावर नाही, कागद-पेन्सिलीचं आहे. हे पान वाचणारा माणूस कोण आणि ते वाचून तो काय वेगळं करू शकतो, हे दोन ओळींत लिहून काढा. आरोग्य संचालकासाठीचं पान वेगळं होईल, कारण त्याच्या हातात औषधाची खरेदी आणि जिल्ह्यांमधलं वाटप आहे. गावच्या समितीच्या हातात तीन गोष्टी आहेत: लोहाचं पातळ औषध गावात वेळेवर येतं का हे पाहणं, ते मुलांना खरोखर पाजलं जातं का हे विचारणं, आणि जंतनाशक गोळीच्या दिवशी एकही मूल सुटणार नाही याची काळजी घेणं. आपल्या पानाचा वाचक म्हणून हीच समिती धरू. दोघांसाठी एकच पान करायचा मोह टाळावा लागतो. तसं पान संचालकाला बाळबोध वाटतं आणि समितीला परकं.

वाचक ठरला की गाळणी आपोआप ठरते. तक्त्यातला एकेक निर्देशक घ्या आणि विचारा: हा आकडा पानावरून पुसला तर या समितीच्या वागण्यात काही फरक पडेल का? नाही पडणार तर तो गेला. ही कसोटी क्रूर आहे आणि चांगले आकडे गाळताना ती सगळ्यात जास्त टोचते. दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण ९०.३वरून ९४.७ टक्के झालं, अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण २६.३वरून २१.९वर आलं, दोन्ही मोलाच्या गोष्टी आहेत, पण रक्तक्षयाच्या पानावर त्यांना जागा नाही. वरिष्ठ म्हणतील की 'थोडं सकारात्मकही येऊ द्या'. त्यांना दुसरं पान करून देण्याची तयारी दाखवा, हे पान बिघडवू नका. काही आकडे मात्र वेगळ्या कारणासाठी गाळावे लागतात. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचं प्रमाण ३४.४वरून ३५.२ झालं. म्हणजे फरक ०.८चा. हे सर्वेक्षण राज्यातल्या सगळ्या घरांचं नाही, निवडलेल्या घरांचं असतं; नमुन्यात कोणती घरं आली एवढ्यावरही इतका फरक पडू शकतो. त्यावर लाल बाण काढून 'वाढ' लिहिणं म्हणजे अहवाल जे म्हणत नाही ते त्याच्या तोंडी घालणं. अशा सर्वेक्षणांच्या सविस्तर अहवालात शेवटी नमुना-त्रुटींचं परिशिष्ट असतं. पान करणाऱ्याने अहवालातलं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, ते परिशिष्ट वाचलंच पाहिजे.

या गाळणीतून चार-पाच आकडे उरतात. त्यांच्यावर चित्र रचण्याआधी मुख्य वाक्य लिहा, एका दमात वाचता येईल असं. उदाहरणार्थ: 'महाराष्ट्रात २०१९ साली तपासलेल्या लहान मुलांपैकी दर शंभरात सुमारे ६९ जणांच्या अंगात रक्त कमी आढळलं.' या वाक्यातला प्रत्येक शब्द तोलून घेतलेला आहे. 'आढळलं' म्हटलं, 'आहे' म्हटलं नाही, कारण ही त्या वेळची मोजणी आहे. '२०१९' लिहिणं फार गरजेचं. महाराष्ट्रातली पाहणी २०१९च्या जून ते डिसेंबर या काळात झाली, पण निकाल जाहीर झाला डिसेंबर २०२०मध्ये. साल लिहिलं नाही तर वाचणारा सहज म्हणेल की हा टाळेबंदीचा परिणाम, आणि ते साफ चूक ठरेल. 'सुमारे ६९' लिहिलं, कारण भिंतीवर ६८.९ लिहिल्याने अचूकपणाचा आव तेवढा येतो. आणि 'रक्त कमी' म्हटलं, 'लोह कमी' म्हटलं नाही. सर्वेक्षणात हिमोग्लोबिन मोजलं होतं, शरीरातलं लोह मोजलं नव्हतं. नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या भागात सिकलसेलमुळेही मुलांचं हिमोग्लोबिन कमी असतं. तिथे 'लोह कमी' असं छापलेलं पान आईला चुकीच्या वाटेवर नेईल.

आता चित्र. शंभर मुलांच्या आकृत्या दहाच्या दहा ओळींत काढाव्यात आणि त्यातल्या ६९ भराव्यात. ही पद्धत व्हिएन्नातल्या ऑटो नॉयरात यांच्या संग्रहालयात १९२०च्या दशकात घडली, आणि तिचा मुख्य नियम आजही मोडला जातो: संख्या जास्त असेल तर आकृत्या जास्त काढा, आकृती मोठी करू नका. एका मुलाचं चित्र दुप्पट उंच केलं की ते दुप्पट रुंदही होतं, डोळ्याला चौपट दिसतं, आणि आकडा मात्र दुप्पटच असतो. नॉयरात यांच्या गटात तज्ज्ञ आणि चित्रकार या दोघांच्या मधे तिसरं माणूस असे, मजकुरातलं काय दाखवायचं आणि कोणत्या रचनेत, हे ठरवणारं; मारी राइडेमाइस्टर यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. आपल्याकडे बहुधा ते काम कुणाचंच नसतं. अहवाल थेट डीटीपीवाल्याकडे जातो आणि काय गाळायचं हे त्याच्या कागदावर उरलेली जागा ठरवते.

दोन फेऱ्यांची तुलना दाखवायची असेल तर शंभर आकृत्यांचे दोन संच शेजारी ठेवता येतात, किंवा दोन स्तंभ काढता येतात. स्तंभ काढले तर ते शून्यापासूनच सुरू झाले पाहिजेत. जागा वाचवण्यासाठी खालची रेघ ५०वर ठेवली तर पहिला स्तंभ ३.८ इतका उंच होतो, दुसरा १८.९ इतका, बघणाऱ्याला रक्तक्षय पाचपट वाढल्यासारखा दिसतो. संगणकातले तक्ता काढणारे प्रोग्राम असे बदल कधीकधी आपण न सांगताही करतात, म्हणून स्तंभांची उंची छापील कागदावर पट्टीने मोजून पाहावी. शब्दांतही असाच सापळा आहे. ५३.८ आणि ६८.९ यांतला फरक १५.१ अंकांचा. तोच फरक पहिल्या आकड्याच्या तुलनेत काढला तर २८ टक्के होतो. दोन्ही गणितं बरोबर आहेत, पण '२८ टक्के वाढ' हे वाक्य मोठं वाटतं म्हणून पत्रकात जातं, आणि वाचणारा ५३मध्ये २८ मिळवून ८१ काढतो. '२०१५-१६मध्ये शंभरात ५४, २०१९मध्ये शंभरात ६९' एवढं लिहिलं की गणित करायची वेळच येत नाही.

इथवरचं काम नीट केलं तरी सगळ्यात अवघड भाग उरतोच. ६८.९ हा आकडा वादाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजतात. बोट दाबून थेंब काढला, थेंब लहान निघाला, तर मोजणी बिघडते. म्हणून शिरेतून घेतलेलं रक्त जास्त भरवशाचं मानलं जातं. २०१६ ते १८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं होतं, आणि त्यात देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ४१ टक्के निघालं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशाचा आकडा ६७.१ होता. वयोगट थोडे वेगळे आहेत, त्यामुळे दोन्ही आकडे समोरासमोर ठेवता येत नाहीत, पण एवढी मोठी दरी फक्त वयाने पडत नाही. याचा अर्थ दोन फेऱ्यांमधली वाढ खोटीच असा होत नाही. पण ६९ हा आकडा दगडावरच्या रेघेसारखा छापणंही बरोबर नाही.

इथे पान करणाऱ्याला दोन बाजूंनी सल्ले मिळतात. एक म्हणतो, असल्या शंका पानावर टाकल्या तर संदेश बोथट होईल. भीती बसली पाहिजे. दुसरा म्हणतो, शंका अहवालात आहेतच, खाली क्यूआर कोड द्या, ज्याला हवं तो वाचेल. दुसरा सल्ला जास्त फसवा आहे, कारण त्यात प्रामाणिकपणाचं समाधान मिळतं आणि काम होत नाही. ज्याच्यासाठी पान केलं तो अहवाल उघडणार नाही हे आपण सुरुवातीलाच मान्य केलं आहे. मग त्याच्यासाठीची सावधगिरीची सूचना त्याच अहवालात कोंडून कशी चालेल? क्यूआर कोड जरूर द्यावा, पण तो आकड्यावर वाद घालणाऱ्या डॉक्टरासाठी. पहिल्या सल्ल्याला उत्तर असं, की भीतीवर उभं केलेलं पान कुणीतरी दुसरा आकडा दाखवला की कोसळतं. त्यापेक्षा मुख्य दावाच असा निवडावा की जो दोन्ही आकड्यांत टिकेल. दहापैकी चार मुलं असोत वा सात, प्रत्येक मुलाला औषध पाजायचंच आहे. औषध पाजण्याचा कार्यक्रमही सगळ्या मुलांसाठी आहे, तपासून निवडलेल्यांसाठी नाही. म्हणून शंभर आकृत्यांच्या खाली दोन ओळी याव्यात, मुख्य मजकुराच्याच अक्षरात, मुंगीच्या अक्षरात नव्हे: 'ही मोजणी बोटातल्या रक्तावर आहे. शिरेतलं रक्त घेऊन देशभर केलेल्या दुसऱ्या पाहणीत दहापैकी चार मुलांत रक्त कमी निघालं. दोन्ही हिशोबांनी प्रश्न मोठाच आहे.' एवढ्याने पान बोथट होत नाही. उलट ग्रामसभेत कुणी 'हे आकडे खोटे' म्हणून उठला तर समितीच्या सदस्याकडे उत्तर तयार असतं.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा असतो, आणि तो गंभीर आहे: एका पानात आणल्याने विषयाची गुंतागुंत मरते. मरते हे खरं. पण ही तुलना पान आणि अहवाल यांच्यात करणं चूक आहे. या वाचकापुढे अहवाल हा पर्याय नाहीच. त्याच्यापुढे पर्याय आहेत ते हे पान, वर्तमानपत्रातला मथळा, किंवा काहीच नाही. १८६३मध्ये हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्यस्थितीवर ब्रिटिश शाही आयोगाचा अहवाल आला तेव्हा तो दोन हजारांहून अधिक पानांचा होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यासाठी लिहिलेली टिपणं काष्ठचित्रांसह वेगळी छापून वाटली, कारण मूळ ग्रंथ कोण वाचणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी अहवालातली अंगं प्रमाणात लहान केली नाहीत. पाणी, मोऱ्या, बराकी यांतलं काय बदलायचं तेवढं पुढे ठेवलं.

तेव्हा पानाचा खालचा अर्धा भाग आकड्यांना देऊच नका, तो कामाला द्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलीटर. जंतनाशक गोळीचे राष्ट्रीय दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. औषधाने शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मुलाला ताप किंवा जुलाब असतील तर आशाताईंना विचारून मगच औषध द्यायचं. यातली तिसरी ओळ कुठल्याही अहवालाच्या सारांशात सापडणार नाही, पण आई औषध मधेच थांबवते ती पुष्कळदा एवढ्याच कारणाने, आणि पानाचं सगळं चीज त्या ओळीने होऊ शकतं. या भागात एक रिकामी चौकटही ठेवा: 'आपल्या गावात या वयाची मुलं ___, या महिन्यात औषध मिळालेली ___.' हा भाग अहवालातून येणार नाही, तो अंगणवाडीताई पेनाने भरतील. त्याचा आणखी एक फायदा आहे. हे सर्वेक्षण राज्याचं आणि जिल्ह्याचं चित्र देऊ शकतं, गावाचं नाही; तरीही पानाच्या डोक्यावर गावाचं नाव छापलं की ६९ हा गावाचाच आकडा वाटू लागतो. गावाची चौकट वेगळी आणि रिकामी दिसली की हा घोटाळा टळतो.

छपाईबद्दल थोडक्यात. हे पान गावात पोचेपर्यंत त्याची झेरॉक्सची झेरॉक्स झालेली असेल किंवा ते व्हॉट्सॲपवरून दहा हात फिरून धूसर झालेलं असेल. म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या आकृत्यांतला फरक फक्त लाल-हिरव्या रंगावर टाकू नका; एक गडद भरीव, दुसरी नुसत्या रेषेची, असं असेल तर काळ्या-पांढऱ्या प्रतीतही ते निभावतं. भिंतीवरचं अक्षर किती मोठं हवं याचा ढोबळ अंदाज असा, की वाचायच्या अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी त्याची उंची असावी. दोन मीटरवरून वाचायचं तर एक सेंटिमीटर. ए-फोर कागदावर या मापाने फार तर दहा-बारा ओळी बसतात, आणि गाळणी नीट लावली नसेल तर ते इथे उघडं पडतं. देवनागरीत ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. काही चित्र-प्रोग्रामांत मराठी चिकटवली की जोडाक्षरं सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरामागे जाते. छपाईला देण्याआधी 'स्थिती', 'शक्ती', 'वर्षांच्या' असे शब्द मुद्दाम शोधून पाहा.

शेवटची परीक्षा वाचकाची. पान छापण्याआधी ते ज्यांच्यासाठी आहे अशा चार-पाच जणांना दाखवा, मिनिटभर पाहू द्या, मग कागद उलटा करा आणि दोनच गोष्टी विचारा: यात काय सांगितलंय, आणि उद्या तुम्ही काय कराल? 'आवडलं का' हे विचारू नका. समोर बसलेल्या ताई किंवा दादा आदराने 'छान आहे' म्हणतील आणि आपल्याला काहीच कळणार नाही. उत्तरांकडे कान ठेवा. कुणी 'आपल्या गावातली ६९ मुलं आजारी आहेत' म्हणालं तर 'दर शंभरात' हे शब्द पुरेसे ठळक नाहीत. 'सरकार औषध देणार आहे' असं उत्तर आलं तर कामाचा भाग सूचनेसारखा नाही, घोषणेसारखा लिहिला गेलाय. चौघांपैकी दोघं एकाच जागी चुकले तर दोष पानाचा, आणि तिथे चित्र पुन्हा काढावं लागतं. खाली स्पष्टीकरणाची ओळ वाढवून ते भागत नाही.

पानाच्या तळाशी सर्वेक्षणाचं नाव, पाहणीचं साल आणि पान तयार केल्याची तारीख लिहा. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणी वगळण्यात आली आहे. ते काम शिरेतलं रक्त घेणाऱ्या वेगळ्या पाहणीकडे दिलं गेलं. तिचा आकडा कमी आला तर रक्तक्षय घटला असं वाचणाऱ्याला वाटेल. म्हणून ५४ आणि ६९ यांच्या शेजारी त्याचा तिसरा स्तंभ उभारू नका. जुनं पान भिंतीवरून काढा आणि नवीन करा.